एक पालक कडक, एक मऊ: दोघं मिळून ‘मध्यम’ होतो का?

पाऊलवाट
मुलगी नऊ वर्षांची आहे. रात्री साडेआठला टॅब बंद, असा घरात नियम आहे. प्रत्यक्षात काय होतं ते जसंच्या तसं लिहिते, म्हणजे सल्ला देणाऱ्यांना सोपं जाईल.

साडेआठला मी स्वयंपाकघरातूनच हाक मारते, “चल, बंद कर आता.” उत्तर येतं, “आई, हा एवढाच लेव्हल.” पाच-सात मिनिटांनी परत हाक. मग “तू नेहमी मधेच सांगतेस”, मग रडणं. रडणं वाढलं की मी म्हणते, “बरं, दहा मिनिटं घे, पण ओरडू नकोस.” ती त्याच क्षणी शांत होते. दहाची वीस होतात. सव्वानऊच्या सुमारास नवरा आतून येतो, काही न बोलता टॅब हातातून काढून घेतो आणि म्हणतो, “लाज नाही वाटत? रोज आईला त्रास देतेस.” ती खोलीत जाऊन दार लावून घेते. थोड्या वेळाने मी मागोमाग जाते, जवळ घेते. दोनदा तर टॅबही परत दिलाय.

नवऱ्याचं म्हणणं, मी लाड करते म्हणून त्याला कडक व्हावं लागतं. मला वाटतं, तो इतका कडक आहे म्हणून मला मऊ व्हावं लागतं. मी वाचलं की ऑथॉरिटेरियन म्हणजे फार कडक, पर्मिसिव्ह म्हणजे फार सैल आणि मधलं ते ऑथॉरिटेटिव्ह, तेच सगळ्यात चांगलं. तो पहिला आहे, मी दुसरी. मग आम्ही दोघं मिळून तिच्या वाट्याला मधलंच येतं ना? की नाही?

ताठकणा
स्पष्ट लिहितो, राग मानू नका. तुमचे यजमान बरोबर आहेत, फक्त पाऊण तास उशिरा येतात. माझी दोन मुलं, एक बारा वर्षांचं, एक पंधरा. नऊ वाजले की दोघांचे फोन माझ्या टेबलावर. मी हाकही मारत नाही, घड्याळाकडे बघतो, तेवढं पुरतं. आमच्या घरात नियमावर चर्चा होत नाही. प्रेम आहेच, ते बोलून दाखवावं लागत नाही, मोठेपणी आपोआप कळतं. आधी शिस्त लावा, बाकीचं नंतर.

निळाई
मला वाटतं इथे कडक की मऊ हा प्रश्नच नाही. मुलांना कारण कळलं की ती ऐकतात. ऑथॉरिटेटिव्ह म्हणजे मुळात समजावून सांगणारे पालक. झोप कमी झाली की काय होतं, स्क्रीनचा उजेड झोपेवर कसा परिणाम करतो, हे तिला नीट सांगा. मी माझ्या मुलाला प्रत्येक वेळी कारण सांगते, तो तिसरीत आहे. वेळ लागतो, कधी अर्धा तास आमचं बोलणं चालतं, पण मी त्याच्यावर काहीही लादत नाही.

समईवात
पाऊलवाट, तुम्ही प्रसंग इतका नेमका लिहिलात की नुसती सहानुभूती दाखवून पुढे जाववत नाही. मी चौदा वर्षं पालकांबरोबर समुपदेशनाचं काम करते. तुमच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं आहे. दोघांची बेरीज करून मध्यम होत नाही, कारण ऑथॉरिटेटिव्ह हे मुळात मधलं नाहीच.

ही नावं डायना बॉमरिंड यांनी दिली, १९६६च्या लेखात. त्या बर्कलीच्या विद्यापीठात होत्या. बालवाडीतल्या मुलांवरच्या त्यांच्या अभ्यासाची पद्धत मला फार आवडते. त्यांनी आधी मुलं पाहिली. काही स्वतःहून खेळणारी, समाधानी, स्वतःवर ताबा असलेली. काही कुढी, अविश्वासी. काही लगेच हार मानणारी, ताबा नसलेली. मग त्या त्या गटातल्या घरांत काय चालतं ते बघितलं. दुसऱ्या गटातले पालक कडक होते, पण जवळीक कमी. तिसऱ्या गटातले प्रेमळ होते, पण मुलाकडून फारसं काही मागत नव्हते. पहिल्या गटातले पालक जवळीक दाखवण्यात पुढे होतेच, आणि मुलाकडून अपेक्षा ठेवण्यातही मागे नव्हते. अर्धं प्रेम, अर्धी शिस्त असा मामला नव्हता.

म्हणून १९८३मध्ये मॅकोबी आणि मार्टिन यांनी एका रेघेऐवजी दोन रेघा मांडल्या. एक रेघ: मूल काय म्हणतंय, त्याला काय हवंय, याला पालक किती प्रतिसाद देतात. दुसरी: त्याच्याकडून किती अपेक्षा ठेवतात आणि त्या किती पाळून घेतात. दोन वेगळी बटणं आहेत, एक वाढवण्यासाठी दुसरं कमी करावं लागत नाही. तुमच्या घरात साडेआठ ते सव्वानऊ पहिलं बटण वर आणि दुसरं शून्यावर असतं, सव्वानऊनंतर बरोबर उलट. तिला दोन्ही एकत्र मिळतात असा एक क्षणही त्या तासात नाही.

पाऊलवाट
“एक क्षणही नाही” हे वाचून गप्पच झाले. खरंय. पण मग दोघांनी बदलायला हवं का? नवरा लगेच बदलेल असं वाटत नाही.

समईवात
दोघं बदललात तर उत्तमच, पण वाट बघू नका. किशोरवयीन मुलांवरच्या एका अभ्यासात असं दिसलं होतं की आईवडील दोघंही एकसारखे कडक किंवा एकसारखे सैल असण्यापेक्षा, दोघांपैकी एक तरी जवळीक आणि ठामपणा एकत्र ठेवणारा असला तर मुलांची अभ्यासातली स्थिती बरी असते. ‘आमचं दोघांचं एकमत नाही म्हणून काहीच करता येत नाही’ असं बऱ्याच घरांत वाटतं, त्यांना मी हे नेहमी सांगते.

आता तुमच्या त्या ‘दहा मिनिटं घे, पण ओरडू नकोस’कडे येते. सगळं तिथे आहे. त्या क्षणी कोण काय शिकतं बघा. ती शिकते की साधं मागून मिळालं नाही, रडून मिळालं. तुम्हीही शिकता, की दहा मिनिटं दिली की कानावरचा आवाज थांबतो. दोघींनाही लगेच सुटका मिळते, म्हणून उद्या दोघीही तेच करता. जेराल्ड पॅटरसन यांनी ओरेगॉनमध्ये वर्षानुवर्षं लोकांच्या घरी निरीक्षक पाठवून हेच चक्र टिपलं. यात कुणी वाईट नसतं, लाडावलेलंही नसतं. त्रास थांबणं हेच बक्षीस ठरतं. आणि कधी रडून मिळतं, कधी मिळत नाही, म्हणून ती जास्त वेळ रडून बघते. नेहमीच मिळालं असतं तर इतकी चिवट झाली नसती.

ताठकणा
म्हणजे मी जे म्हणत होतो तेच. नियम म्हणजे नियम. माझ्याकडे हे चक्र नाही.

समईवात
हो, हे चक्र तुमच्याकडे नाही, आणि ते तुमचं काम आहे, हे मी मनापासून मान्य करते. १९९१मध्ये विस्कॉन्सिन आणि कॅलिफोर्नियातल्या चौदा ते अठरा वयाच्या सुमारे ४१०० मुलांवर एक अभ्यास झाला. कडक पण कमी जवळीक असलेल्या घरांतली मुलं नियम पाळण्यात बरी होती, भलत्या भानगडीत कमी पडत होती. लाडाच्या, सैल घरांतल्या मुलांचा स्वतःवरचा विश्वास चांगला होता, पण व्यसनं आणि शाळेतलं गैरवर्तन जास्त. म्हणजे तुमच्या पद्धतीचं फळ मिळतं, पण कडक घरांतल्या त्या मुलांना स्वतःबद्दल, स्वतःच्या कुवतीबद्दल कमी भरवसा होता. दोन्हीकडचं चांगलं त्यांच्याकडे दिसलं, ज्यांच्या घरी दोन्ही बटणं वर होती.

एक विचारू? तुमचा पंधरा वर्षांचा मुलगा गेल्या महिन्यात स्वतःहून तुम्हाला काय सांगायला आला?

जुळवाजुळव
मला मधेच बोलायचंय. माझी जुळी मुलं आहेत, सात वर्षांची, एक मुलगा, एक मुलगी. घर तेच, आईबाप तेच, नियम तोच. मुलगी एका शब्दात उठते. मुलगा तासभर भांडतो, वस्तू फेकतो, आणि शेवटी मीच थकून ओरडते. लोक मुलीकडे बघून म्हणतात, काय छान वळण लावलंय. मुलाकडे बघून तेच लोक नजर चुकवतात. मग आमची पद्धत कुठली म्हणायची? हे सगळं मुलाच्या स्वभावावर नाही का?

समईवात
जुळवाजुळव, तुमचा प्रश्न या क्षेत्रातला सगळ्यात अवघड आणि सगळ्यात रास्त प्रश्न आहे. या अभ्यासांतले बहुतेक आकडे ‘सोबत काय आढळतं’ एवढंच सांगतात, ‘कशामुळे झालं’ ते सांगत नाहीत. मार्टिन पिनक्वार्ट यांनी २०१७मध्ये चौदाशेहून अधिक अभ्यास एकत्र करून पाहिले. पालकांची पद्धत आणि मुलांचं आक्रमक वागणं यांचा संबंध सापडला, पण लहान. आणि तो दोन्ही बाजूंनी होता. कठोर पालकांच्या मुलांचं वागणं पुढे बिघडत होतं, तसंच बिघडलेल्या वागण्याच्या मुलांचे पालक पुढे जास्त कठोर होत होते. तुमच्या मुलाने तुम्हाला ओरडायला लावलं, हे वाक्य संशोधनाच्या भाषेतही खोटं नाही.

पण त्यामुळे तुमच्या हातात काहीच उरत नाही असं होत नाही. चिवट मुलाबरोबर ते सुटकेचं चक्र जास्त लवकर बसतं, एवढंच. तुमच्या मुलीसमोर सैलपणा खपून जातो, मुलासमोर खपत नाही.

निळाई
समजावून सांगण्याबद्दल कुणी काहीच बोललं नाही. बॉमरिंड यांच्या पहिल्या गटातले पालक कारणं सांगायचेच ना?

समईवात
सांगायचे. तुमचा मुद्दा अर्धा अगदी बरोबर आहे आणि तो अर्धा महत्त्वाचा आहे. फरक पडतो तो वेळेमुळे. कारण दुपारी सांगा, तिचं ऐका, हवं तर त्यावरून नियम बदला. साडेआठ वाजता मात्र कारण सांगायला लागलात की मुलाला ते कारण म्हणून ऐकू येत नाही, ‘अजून बोलणी चालू आहेत’ असं ऐकू येतं. तुमचा अर्धा तास चालतो ना, त्या अर्ध्या तासात स्क्रीन चालू असते की बंद?

निळाई
चालू असते. बरोबर आहे तुमचं. मी असा विचारच केला नव्हता. मला वाटायचं मी त्याला मान देतेय.

समईवात
मान देताच आहात, ती सवय सोडू नका. फक्त त्या बोलण्याची जागा बदला.

पाऊलवाट, आता तुमची एक संध्याकाळ मांडून बघते. दुपारी किंवा संध्याकाळी, टॅब हातात नसताना तिच्याशी बोला. “रोज आपलं भांडण होतं, मला ते आवडत नाही. बंद करताना तुला काय सगळ्यात जड जातं?” बहुधा ‘लेव्हल अर्धा राहतो’ हेच निघेल, आणि तिचं म्हणणं खरंही आहे. मग तिला एक गोष्ट ठरवू द्या: सव्वाआठनंतर नवा लेव्हल सुरू करायचा नाही, की सुरू करून साडेआठला अर्धा सोडायचा. साडेआठ ही वेळ तुम्ही ठरवायची, तिथवर कसं पोचायचं ते तिने. बंद झाला नाही तर काय, तेही तेव्हाच सांगून टाका. छोटं ठेवा: उद्या पंधरा मिनिटं कमी. आठवडाभर टॅब बंद असलं काही बोलू नका. चौथ्या दिवशी तुम्हालाच ते झेपणार नाही आणि तिला ते आत्ताच माहीत आहे.

सव्वाआठला स्वयंपाकघरातून हाक नको. जाऊन शेजारी बसा, काय चाललंय ते बघा, एखादा प्रश्न विचारा. बरेच पालक ही पायरी वेळ नाही म्हणून गाळतात, आणि मग उरलेलं नुसतं हुकूम देणं होतं. साडेआठला एकदाच, साध्या आवाजात, “साडेआठ झाले, टॅब माझ्याकडे दे.” ‘बंद करतेस का?’ असं विचारू नका. विचारलंत तर ‘नाही’ हेही उत्तर चालतं. मग मनात पाच आकडे मोजा आणि गप्प राहा. ही पाच सेकंदं फार लांब वाटतात. आपण त्यातच तीन वेळा परत सांगतो आणि मुलाला उठायला वेळच देत नाही. लहान मुलांच्या पालकांना शिकवायच्या एका उपचारपद्धतीत ही पाच सेकंदं अक्षरशः मोजायला लावतात.

दिला तर “दिलास, बरं वाटलं” एवढंच. नाही दिला तर एकदा परिणामाची आठवण, मग टॅब घ्यायचा, पंधरा मिनिटांचं सांगायचं, आणि विषय संपला. ती रडेल. तिथेच थांबा. “राग आलाय, कळतंय मला. टॅब उद्या.” जवळ घ्यावंसं वाटलं तर घ्या, खुशाल घ्या. तुमचं जवळ घेणं कधीच चुकीचं नव्हतं. त्याबरोबर टॅब परत जात होता, तेवढं थांबवायचं.

आणि आधीच सांगून ठेवते. तिसऱ्या-चौथ्या रात्री ती आजवर रडली नसेल इतकी रडेल. जी किल्ली रोज चालायची ती चालेनाशी झाली की माणूस आधी जोरात फिरवून बघतो. त्या रात्री टॅब दिलात तर ती ‘एवढं रडावं लागतं’ हे शिकेल, आणि पुढची सुरुवात तिथून होईल. म्हणून ज्या आठवड्यात तुम्हीच दमलेल्या आहात, त्या आठवड्यात सुरू करू नका.

पैलतीर
चर्चा चांगली चालली आहे, पण एक शंका. हे बहुतेक अभ्यास अमेरिकेतल्या कुटुंबांवरचे. ‘कडक’ शब्दाचा अर्थ सगळीकडे एकच असतो का? रूथ चाओ यांचं १९९४चं काम आठवा. चिनी वंशाच्या आया त्या प्रश्नावलीत ऑथॉरिटेरियन ठरत होत्या, तरी त्यांची मुलं शाळेत उत्तम चालली होती. त्यांनी दाखवलं की तिथे ताब्यात ठेवणं आणि काळजी घेणं यांना एकच शब्द आहे. मुलाला ते प्रेमच वाटतं. स्पेनमधल्या अभ्यासांत तर लाडाच्या घरांतली मुलं काही बाबतींत पहिल्या गटाइतकीच बरी निघाली आहेत. मग ‘दोन्ही बटणं वर’ हे सगळ्या जगाला लावायचं का?

समईवात
पैलतीर, यावर माझ्याकडे गुळगुळीत उत्तर नाही. चाओ यांचं म्हणणं मला पटतं, आणि त्यातून मी एवढं घेते की कडकपणाचा आवाज किती मोठा आहे यापेक्षा मुलाला त्यातून काय ऐकू येतं ते महत्त्वाचं. स्पेनचं काम अजून वादात आहे, तिथे ठामपणाची गरजच कमी आहे की तो मोजायची पद्धत वेगळी आहे, यावर एकमत नाही.

पण एका बाबतीत मी ठाम आहे आणि ती पाऊलवाटच्या घराशी जोडलेली आहे. ब्रायन बार्बर यांनी १९९६मध्ये ताब्याचे दोन प्रकार वेगळे काढले. एक, वागण्यावरचा ताबा: किती वाजता बंद, कुठे जायचं, कुणाबरोबर. दुसरा, मनावरचा ताबा: लाज वाटायला लावणं, ‘तुझ्यामुळे आई रडते’ म्हणणं, ऐकलं नाही की बोलणं बंद करणं. पहिल्याचा अभाव असला की मुलं बाहेर भरकटतात. दुसरा जास्त असला की आतून कुढतात. वडिलांनी टॅब काढून घेणं हा पहिला प्रकार. “लाज नाही वाटत?” हा दुसरा. यजमानांना कमी कडक व्हायला सांगू नका. तेवढं एक वाक्य सोडा म्हणावं, टॅब घेणं खुशाल चालू ठेवा.

पाऊलवाट
हे वाक्य मी त्याला आज दाखवलं. पूर्ण धागा वाचला त्याने. “म्हणजे मी चुकीचा नाही, फक्त एक वाक्य चुकीचं?” असं दोनदा विचारलं. रविवारपासून सुरू करतोय.

ताठकणा
समईवात, तुमचा प्रश्न चार दिवस डोक्यात आहे. माझा मुलगा गेल्या महिन्यात स्वतःहून मला काहीही सांगायला आलेला नाही. मी आठवून आठवून पाहिलं. त्याच्या चाचणीतले कमी गुण मला शाळेच्या बैठकीत कळले, तीन आठवड्यांनी. त्याच्या आईला पहिल्याच दिवशी माहीत होते. मी नऊ वाजता फोन घेतो, दप्तर बघतो, मित्र कोण ते विचारतो. मला वाटत होतं मला सगळं ठाऊक आहे.

समईवात
हे लिहायला धीर लागतो. स्टाटिन आणि केर यांनी २००० साली स्वीडनमधल्या चौदा वर्षांच्या मुलांवर हेच तपासलं. तोवर सगळे म्हणत होते की पालकांनी लक्ष ठेवलं की मुलं भरकटत नाहीत. त्यांना दिसलं की पालकांना जे माहीत असतं त्यातलं बहुतेक पाळत ठेवून मिळालेलं नसतं, मुलाने आपणहून सांगितलेलं असतं. म्हणून माझ्या मते फोन घेणं बंद करू नका. फक्त तो घेताना दुसरं काहीच विचारू नका, आठवडाभर. दप्तराची तपासणी तेवढा काळ सोडून द्या. आणि त्याने काही सांगितलंच, तर पहिल्या मिनिटात उपदेश येऊ देऊ नका. ते एक मिनिट बहुतेक मुलं मोजत असतात.

जुळवाजुळव
माझ्या मुलावर हीच पद्धत सोमवारपासून करून बघतेय. पाच सेकंद मोजताना तिसऱ्यालाच माझं तोंड उघडतं.

पाऊलवाट
तीन आठवडे झाले. वही ठेवली होती, त्यातलं लिहिते.

पहिली रात्र: पंचवीस मिनिटं रडली. दुसरी: पंधरा, मला वाटलं झालंच. तिसरी: पन्नास मिनिटं. उशी फेकली, “तू माझ्यावर प्रेमच करत नाहीस” म्हणाली. मी जमिनीवर तिच्या खोलीत बसून होते. खरं सांगते, टॅब शेजारच्या खोलीत होता आणि मी दोनदा उठले. तेव्हा नवरा येऊन माझ्या शेजारी बसला. काही बोलला नाही, नुसता बसला. चौथी: वीस. मग दहा-बारा, आणि सातव्या रात्री तिने टॅब आपटून ठेवला पण रडली नाही.

नवव्या रात्री मी चुकले. पाहुणे होते, तिने तोंड वाकडं केलं आणि मी दहा मिनिटं दिली. पुढच्या दोन रात्री परत अर्धा अर्धा तास. एका दहा मिनिटांची किंमत इतकी असेल असं वाटलं नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात फक्त दोनदा रडली, दोन्ही वेळा पाच मिनिटांच्या आत.

सव्वाआठला आता बहुतेकदा नवराच तिच्या शेजारी जाऊन बसतो. परवा खेळ बघता बघता तिने त्याला सांगितलं की वर्गात तिची मैत्रीण तिच्याशी बोलत नाही. मला हे माहीत नव्हतं.

आता नवा पेच. काल दुपारी ती आमच्याकडे आली आणि म्हणाली, शनिवारी नऊपर्यंत चालेल का, दुसऱ्या दिवशी शाळा नसते. मला द्यावंसं वाटतंय. नवरा म्हणतो, एकदा दिलं की परत तेच चालू. मलाही आता भीती वाटते. देणं म्हणजे माघार का?

समईवात
तिने कधी मागितलं बघा. दुपारी, टॅब हातात नसताना, न रडता, कारण देऊन. महिन्यापूर्वी तिला हवं ते मिळवायचा एकच रस्ता माहीत होता आणि तो साडेआठला सुरू व्हायचा. आता दुसरा सापडलाय. तो रस्ता चालतो की नाही हे ती बघतेय. मी असते तर शनिवारचे नऊ दिले असते, आणि ‘नऊ म्हणजे नऊ’ हेही तेव्हाच ठरवलं असतं. हेच तिने साडेआठला रडत मागितलं असतं, तर उत्तर ‘उद्या दुपारी बोलू’.

ताठकणा
मी दिलं नसतं. पण का दिलं नसतं ते मला आता नीट सांगता येत नाही.

माझ्याकडचं: फोन रोज घेतो, काही विचारत नाही. आज दहावा दिवस. परवा फोन ठेवल्यावर तो टेबलाशी दोन मिनिटं उभा राहिला, आणि गेला.

जुळवाजुळव
माझ्या मुलाची बारावी रात्र. वेळ कमी होत नाहीये. पहिल्या आठवड्यात चाळीस मिनिटं होती, आता पण चाळीसच. परवा बहिणीला मारलं. मी एकदाही टॅब परत दिला नाही, शपथेवर सांगते. मग माझं काय चुकतंय?

समईवात
कदाचित काहीच चुकत नसेल. पण बारा रात्रींत थोडाही उतार नाही आणि मारहाण वाढतेय, तर नुसतं टिकून राहा असं मी इथून सांगणार नाही. दोन गोष्टी कळवा. तो साडेआठलाच असा होतो, की दिवसभरात कुठलीही गोष्ट बदलताना, म्हणजे अंघोळीला उठताना, घरातून निघताना, खेळ थांबवतानाही? आणि शाळेत काय म्हणतात? सगळीकडे असेल तर प्रश्न टॅबचा नाही आणि तुमच्या पद्धतीचाही नाही, बालमानसतज्ज्ञाला प्रत्यक्ष दाखवा. फक्त टॅबलाच असेल, तर रडताना त्याला टॅबऐवजी दुसरं काही मिळतंय का ते बघू. त्या चाळीस मिनिटांत घरातलं कोण कोण त्याच्याभोवती असतं?

जुळवाजुळव
सगळेच. मी, हे, आणि बहीण दारात उभी राहून बघत असते. शाळेत विचारून उद्या लिहिते.